आठ फंड, पण स्वतंत्र पैजा किती?

> "आठ वेगवेगळे फंड घेतले की डायव्हर्सिफिकेशन झालं. पाच वर्षांचं कोरिलेशन एकदा बघा, कमी असेल तर विसरून जा. दर आठवड्याला रोलिंग कोरिलेशन मोजणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. बाजार पडला की सगळंच एकत्र पडतं, मग अलर्ट येऊन काय उपयोग?"

वरचा सल्ला एकेक भाग करून तपासू. आधी आठ या आकड्याबद्दल. सगळ्या फंडांची चढउतार साधारण सारखी आणि प्रत्येकात पैसा सारखाच आहे असं धरू. सहसंबंध, म्हणजेच कोरिलेशन, हा दोन फंड किती एकत्र हलतात ते सांगणारा उणे १ ते अधिक १ मधला आकडा. जोड्याजोड्यांतला सरासरी सहसंबंध कळला, की हे आठ फंड प्रत्यक्षात किती स्वतंत्र पैजांइतके आहेत ते एका सूत्रात निघतं: `n / (1 + (n-1)ρ)`. यात n म्हणजे फंडांची संख्या आणि ρ म्हणजे ती सरासरी. सरासरी ०.२ असेल तर उत्तर येतं ३.३. ती ०.७ असेल तर १.३६. लार्ज कॅप, फ्लेक्सी कॅप, निफ्टी इंडेक्स, बँकिंग अशी नावं वेगळी असली तरी आत तेच एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक बसलेले असतात, त्यामुळे ०.७ हा आकडा काही टोकाचा नाही. म्हणजे स्टेटमेंटवर आठ ओळी आणि हातात जेमतेम दीड फंड. इथे विविधीकरण नाहीसंही झालेलं नसतं, कारण ते मुळात नव्हतंच.

पाच वर्षांच्या एका आकड्याचा घोटाळा वेगळा आहे. समजा दोन गुंतवणुकींचा सहसंबंध पहिली तीन वर्षं उणे ०.३ होता आणि नंतरची दोन वर्षं अधिक ०.६. सगळं एकत्र मोजलंत तर साधारण ०.०६ येईल, आणि तुम्ही म्हणाल, "वा, एकमेकांशी काही संबंधच नाही." प्रत्यक्षात असा एकही काळ नव्हता. आज तुम्ही ज्यात उभे आहात तो काळ ०.६ चा आहे.

हे कागदावरचं उदाहरण झालं. खरं उदाहरण अमेरिकेतलं. २००० नंतरची सुमारे दोन दशकं तिथे शेअर आणि सरकारी रोखे बहुतेक वेळ उलट दिशेने चालले. शेअर पडले की रोखे सावरून घेत, आणि साठ टक्के शेअर, चाळीस टक्के रोखे ही वाटणी त्या सवयीवर उभी होती. त्या सवयीमागे एक अट होती: बाजाराला भीती मंदीची असली पाहिजे. महागाईची भीती आली की व्याजदर वाढतात, आणि वाढता व्याजदर दोघांनाही मारतो. जून २०२२ मध्ये तिथली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. तिथल्या मध्यवर्ती बँकेने, फेडने, मार्चमध्ये शून्याजवळ असलेला दर डिसेंबरपर्यंत ४.२५ ते ४.५० टक्क्यांवर नेला. त्या वर्षी लाभांश धरूनही एस अँड पी ५०० सुमारे १८ टक्के पडला आणि रोख्यांचा मुख्य निर्देशांक सुमारे १३ टक्के.

"अलर्ट येऊन काय उपयोग?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर याच वर्षात आहे. मार्च २०२० सारखी पडझड असेल तर अलर्टचा उपयोग नाही, हे मी बिनशर्त मान्य करतो. २३ मार्चला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला; रोलिंग कोरिलेशन म्हणजे दर आठवड्याला फक्त मागच्या ठरावीक काळावरून नव्याने काढलेला सहसंबंध, आणि बावन्न आठवड्यांची अशी खिडकी तिथे काय सांगणार? पण २०२२ ची घसरण जानेवारीत सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत रखडत चालली. मार्च २०२० सारखा एका दिवसाचा कडेलोट त्यात नव्हता. अशा वेळी संथ इशाराही पुरतो. तो पडझडीचं भाकीत करत नाही. "तुमचा सावरणारा हात आता सावरत नाही" एवढंच सांगतो.

आता मोजणीकडे येऊ. "उद्योग" हा शब्द रागाने आला असला तरी त्यात थोडं तथ्य आहे, कारण बरेच जण हे चुकीचं मोजतात. एक्सेलमध्ये थेट एनएव्हीच्या, म्हणजे फंडाच्या रोजच्या युनिट किमतीच्या, दोन रकान्यांवर `CORREL` लावतात. दोन्ही वर्षभर चढत असतील तर उत्तर सहज ०.९ च्या घरात जातं, कारण ते दोघांचा चढता कल मोजतं. एनएव्हीतला टक्केवारी बदल घ्यायला हवा, आणि तोही आठवड्याचा. अमेरिकी शेअरांचा फंड असेल तर रोजचा आकडा हमखास फसवतो: आपला बाजार साडेतीनला बंद होतो आणि न्यूयॉर्क आपल्या संध्याकाळी सात किंवा आठला उघडतं. तिथली पडझड इथे दुसऱ्या दिवशी दिसते, त्यामुळे सहसंबंध आहे त्यापेक्षा कमी वाटतो.

```python
import numpy as np
# nav: तारखांचा इंडेक्स, प्रत्येक रकान्यात एका फंडाची एनएव्ही
# लॉगमधला फरक म्हणजे जवळपास टक्केवारी बदल
w = np.log(nav.resample("W-FRI").last()).diff().dropna()
m = w.rolling(52).corr().groupby(level=0).mean().mean(axis=1)
bets = 1 / m
```

सहसंबंधांच्या पूर्ण तक्त्याची सरासरी काढून ती उलटी केली की वरच्याच सूत्राचं उत्तर मिळतं. लिक्विड फंड यातून वगळा. तो जवळजवळ सरळ रेषेत चढतो, त्यामुळे त्याचा सहसंबंध शून्याजवळ येतो आणि `bets` फुगतं. तो वेगळी पैज नसून शांत बसलेली रोकड आहे.

खिडकी किती आठवड्यांची, यावर वाद आहेत. वीस निरीक्षणांची घेतलीत आणि खरा सहसंबंध शून्य असला, तरी निव्वळ योगायोगाने, शंभरातल्या पंचाण्णव वेळा, आकडा उणे ०.४४ ते अधिक ०.४४ मध्ये कुठेही असू शकतो. बावन्नच्या खिडकीत हाच पट्टा साधारण उणे ०.२७ ते अधिक ०.२७ चा होतो. म्हणून एका जोडीवर अलर्ट लावला की तो दर पंधरवड्याला बोंबलतो आणि महिन्याभरात माणूस तो बंद करून टाकतो. मी अलर्ट `bets` वर लावतो: फंड निवडताना जेवढ्या पैजा धरल्या होत्या, त्याच्या साठ टक्क्यांखाली आकडा सलग चार आठवडे राहिला तर. हा साठ कुठल्या शास्त्रातून आलेला नाही. माझ्या झोपेला परवडणारा आहे.

अलर्ट वाजला की लगेच विकायचं नाही. आधी कारण शोधायचं, कारण बाजाराची चढउतार वाढली की सहसंबंध आपोआप वाढतो. दोन फंड घ्या, ज्यांच्या हालचालीत एक भाग बाजाराचा आणि दोन भाग स्वतःचे आहेत. सहसंबंध एक तृतीयांश. हे भाग चढउताराच्या वर्गात मोजतात, म्हणून बाजाराची चढउतार दुप्पट झाली की बाजाराचा भाग चौपट होतो आणि सहसंबंध ०.६७ वर जातो, फंडांच्या आत काहीही न बदलता. ही वाढ बहुधा वादळाबरोबर ओसरते. म्हणून चढउताराचा आलेख शेजारी ठेवायचा. तो शांत असताना पैजा कमी होत असतील, तर मामला २०२२ च्या जातीचा आहे आणि वाटणी नव्याने करायला हवी.

उलटी फसगतही होते. बाजाराच्या कामकाजाच्या साठ दिवसांची खिडकी वापरणाऱ्यांच्या मोजणीतून २३ मार्च २०२० हा दिवस जूनच्या उत्तरार्धात बाहेर पडला. असा एक दिवस गळला की विविधीकरण परत आल्यासारखं दिसतं, पण त्या आठवड्यात बाजारात तसं काही घडलेलं नसतं. आकडा अचानक सुधारला की खिडकीतून नेमका कोणता दिवस गळाला, ते आधी पाहायचं.