उजवं पान, डावं पान

भर बाजारात, उभ्या उभ्या, एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि माझ्याच वहीत लिहिलं. अक्षर वळणदार आहे, त्यामुळे जास्तच राग येतो.

भाजीबाजाराच्या अभ्यासासाठी मी क्षेत्रटिपणं ठेवते. उजव्या पानावर वर्णन, म्हणजे जे दिसलं आणि ऐकू आलं ते. डाव्या पानावर विश्लेषण, म्हणजे त्यावरून मला काय वाटलं, कुठला प्रश्न निघाला. बाजारात गर्दीत फक्त तुटक शब्द खरडायचे आणि त्याच रात्री, कुणालाही गंमत म्हणून सांगण्याआधी, सविस्तर लिहून काढायचे. एकदा सांगून झालं की गोष्ट रंगत जाते, आणि रंगलेली गोष्ट टिपणाच्या कामाची राहत नाही.

तर एक बाई टोमॅटो निवडत होत्या. मी खरडलं, ‘अंगठ्याने दाबला. परत ठेवला. विक्रेतीने उचलून दाबलेली बाजू खाली केली.’ विक्रेती वैतागली, असं लिहायला हात शिवशिवत होता. पण वैताग दिसत नाही. मुडपलेले ओठ दिसतात, टोमॅटो जरा जोरात ठेवल्याचा आवाज येतो. वैताग आपण पदरचा घालतो, म्हणून तो डावीकडे.

“दाबल्यामुळे नाही हो,” मागून आवाज आला. खांद्यावरून कुणी आपलं लिहिलेलं वाचावं, यासारखा दुसरा उच्छाद नाही. “सगळ्यांचीच चांगली बाजू वर ठेवते ती.”

“तुम्ही पाहिलंय का, काका?”

“पाहायला कशाला हवं?” हातातली पिशवी त्यांनी माझ्या पायावर टेकवली. “लिहा. गिऱ्हाइकाला टोमॅटो नको असतो, त्याला जिंकायचं असतं.”

वाक्य चांगलं होतं, हे आणखी एक दुखणं. मी ते जसंच्या तसं अवतरणचिन्हांत उजवीकडे घेतलं.

“उजवीकडे का? आत्ताच तुम्ही त्या मावशींना सांगत होतात, विचार डावीकडे म्हणून.”

“तो तुमचा विचार आहे, काका. तुम्ही तो इथे उभं राहून बोललात, ही माझ्यासाठी घडलेली गोष्ट. माझं मत तेवढं डावीकडे.”

“म्हणजे मी नुसता आवाज?”

“अवतरणचिन्हांत आहात.”

“कावळा ओरडला तरी देता का अवतरणचिन्हं?”

विक्रेती हसली. (‘हसली’ चालतं, दात दिसले होते.) आणि मग ते पेनाचं झालं. डाव्या पानावर काकांनी लिहिलं, ‘वरील मत योग्य आहे.’ खाली पूर्ण नावानिशी सही. त्या पानावर वरती काहीच नव्हतं.

रात्री मी लिहिलं, ‘त्यांनी पेन हिसकावलं.’ मार्गदर्शक बाईंनी त्याला लाल गोल केला. हिसकावलं म्हणजे नेमकं काय झालं ते लिही, म्हणे. मी लिहिलं, ‘पेन त्यांच्या हातात गेलं, टोपण माझ्या हातात राहिलं.’ बाई खूश. माझा संताप आता डावीकडे चौकटीत बसलाय, तारीख-वेळेसह.

बाईंचं बरोबर असतं, तेच छळतं. पण पंख्याखाली बसून पानं वेगळी करणं सोपं असतं. उजवं पान तरी कुठे सोवळं आहे? त्याच क्षणी एक हमाल गोणी घेऊन गेला, एक पोर रडत होतं, आणि मी लिहिला तो अंगठा. का? कारण विकत घेण्याआधी मालाला हात लावायचा हक्क कुणाचा आणि त्याचं नुकसान कुणाच्या वाट्याला, हा प्रश्न डोक्यात आधीपासून होता. काय टिपायचं हे ठरवतानाच निम्मं विश्लेषण होऊन जातं. मग निदान वेचलेलं तरी स्वच्छ लिहावं, एवढंच हाती उरतं.

त्याचा उपयोग मात्र झाला. डावीकडे मी शंका लिहिली होती की दाबलेली बाजू पुढच्या गिऱ्हाइकापासून लपवली असेल. ती पडताळायला सकाळी माल मांडताना जाऊन उभी राहिले. विक्रेती प्रत्येक टोमॅटो फिरवून डाग नसलेली बाजू वर करत होती, तोवर कुणी बोटही लावलेलं नव्हतं. लपवण्याची शंका लंगडी झाली, उजवीकडचं ‘खाली केली’ शाबूत राहिलं. तिथे ‘लपवली’ लिहिलं असतं तर वर्णनही बाद झालं असतं. काका मात्र न पाहता जिंकले.

आता अडचण अशी की टिपणांत खरी नावं ठेवायची नाहीत, माणसांना सांकेतिक खुणा द्यायच्या, आणि काकांची सही तर वहीतच आहे. ती झाकून वाक्य वापरायचं, तरी त्यांची रीतसर संमती हवी. मी संमतीपत्र घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, “सही देतो. आधी अख्खी वही वाचायला द्या.”