कंबर सुटली, पाय धरला

आमच्या घराण्यात कंबरदुखीवर पिढ्यान्‌पिढ्या एकच इलाज चालत आला आहे, तो म्हणजे आत्याची लाथ. आत्या पायाळू आहे, म्हणजे जन्मताना ती पायांकडून बाहेर आली. आणि अशा माणसाने कमरेवर हलकेच तीन लाथा मारल्या की उसण उतरते, अशी टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत पसरलेल्या आमच्या सर्व नातेवाइकांची श्रद्धा आहे. चार वर्षांपूर्वी भरलेला हंडा उचलताना माझ्या कमरेत उसण भरली, तेव्हा ही श्रद्धा माझ्याही अंगावर प्रत्यक्ष येऊन पडली. कण्याच्या उजव्या बाजूला वितभर जागा दोरासारखी ताठ झाली होती. तिथे बोट दाबले की मी ओरडत असे आणि बोट काढले की गप्प बसत असे. दुखणे त्या वितीच्या बाहेर कधी गेले नाही. आत्याने लाथा मारल्या, बायकोने गरम पाण्याच्या पिशवीने शेकले, चौथ्या दिवशी मी स्वतः वाकून बूट घातले आणि आठवड्याभरात शाळेत फळ्यासमोर उभा राहिलो. श्रेय अर्थातच लाथेकडे गेले, कारण गरम पाण्याच्या पिशवीला आमच्या घरात नात्याने कोणी मोठे नाही.

यंदा सुगीनंतर खानापूरच्या चुलतभावाने पंचवीस किलो तांदळाचे पोते पाठवले. ते रिक्षातून काढताना मी कमरेतून वाकलो, आणि पोते हातात असतानाच दाराकडे वळलो. वाकणे, उचलणे आणि वळणे या तीन क्रिया मी एकाच वेळी केल्या, याचे मला त्या क्षणी कौतुकच वाटले होते. पुढच्या क्षणी मी पोत्यावर आडवा पडलेला होतो.

लाथा पडल्या. तिसऱ्या दिवशी कमरेचे दुखणे निम्म्यावर आले आणि घरात समाधान पसरले, पण त्याच सकाळी डाव्या कुल्ल्यातून एक कळ निघाली, ती मांडीच्या बाहेरच्या अंगाने गुडघ्याखाली उतरली, नडगीच्या कडेने पुढे सरकली आणि पावलाच्या वरच्या बाजूने थेट अंगठ्यापर्यंत जाऊन थांबली. तिच्या मागोमाग मुंग्या आल्या. मी आत्याला सांगितले, तेव्हा तिचा चेहरा उजळला. “उतरतंय बघ खाली,” ती म्हणाली, “आता पायातनं निघून जाणार.” समोरच्या गौडरनी कुंपणावरून “कालु हिडदैती एन्री, सर?” असे विचारले, त्यांनाही मी मोठ्या आशेने सांगितले, की होय, पाय धरला आहे, म्हणजे कंबर सुटत आहे.

दुखणे अंगठ्यापर्यंत पोहोचले होते. आता उरली होती फक्त चप्पल. पण ते काही चपलेतून बाहेर पडेना. वर्गात खुर्चीवर बसलो की दहा मिनिटांत पाय पेटल्यासारखा होई, उभा राहून दोन फेऱ्या मारल्या की थोडा शमे, त्यामुळे दहावीच्या मुलांना त्या पंधरवड्यात सगळे व्याकरण फिरत्या शिक्षकाकडून शिकावे लागले. सर्वांत मोठी दहशत शिंकेची होती. शिंक येणार असे वाटताच मी दोन्ही हातांनी भिंत धरत असे, कारण एका शिंकेसरशी कमरेपासून अंगठ्यापर्यंत वीज चमकून जाई. उसण भरली होती तेव्हाही शिंकताना दुखले होते, पण कमरेतच. पायाने त्यात कधी भाग घेतला नव्हता. आणि एके दिवशी देवळातून घरी आलो, तर डाव्या पायात चप्पल नव्हती. ती कोणी चोरली नव्हती. वाटेत गळून पडली होती आणि मला कळलेही नव्हते.

चपलेची ही हकीकत मी डॉक्टरांना गंमत म्हणून सांगितली, पण ते हसले नाहीत. त्यांनी मला टाचांवर चालायला लावले. उजवी टाच चालली, डाव्या पायाचा चवडा मात्र जमिनीकडे झुकू लागला. मग त्यांनी माझ्या अंगठ्यावर बोट ठेवून “वर उचला” असे सांगितले, आणि बावन्न वर्षे माझ्या आज्ञेत वागलेला तो अंगठा एका बोटाच्या दाबाने खाली बसला. शेवटी मला उताणे झोपवून त्यांनी माझा डावा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलायला सुरुवात केली. पाय जेमतेम चाळीस अंशांवर गेला असेल, तोच ती सगळी वीज नडगीपर्यंत उतरली. “फक्त मांडीची मागची शीर ताणली असती, तर मी एवढ्यावर थांबलो नसतो,” ते म्हणाले, “गुडघ्याच्या खाली कळ गेली, म्हणून थांबलो.”

मणका सरकला का, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, की मणका जागच्या जागी आहे आणि गादीही सरकत नाही, ती फुटते. दोन मणक्यांमधल्या गादीचे बाहेरचे वेढे चिवट असतात आणि आतला गाभा मऊ असतो. पुरणपोळी पुढच्या बाजूने दाबली की मागच्या कडेला जिथे पारी पातळ असेल तिथून पुरण डोकावते, तसा पुढे वाकून भार उचलताना हा गाभा मागे येतो, आणि नेमकी तिथेच पायाची नस असते. माझे पुरण कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधून आले असावे, असा त्यांचा अंदाज होता, कारण पावलाची वरची बाजू आणि अंगठा पाचव्या नसेच्या ताब्यात असतात. त्याखालची नस दाबली गेली असती, तर कळ पोटरीच्या मागून करंगळीकडे गेली असती आणि मला टाचांऐवजी चवड्यांवर उभे राहणे जड गेले असते. हंड्याच्या वेळी फक्त स्नायूचे तंतू ताणले गेले होते, नसेशी त्यांचे काही वैर नव्हते. “ते लाथेशिवायही बरे झाले असते,” असे ते म्हणाले, पण हे वाक्य मी घरी नेले नाही.

एमआरआय लगेच काढावा, असा माझा आग्रह होता. पण माझ्या वयाच्या, कंबर कधीही न दुखलेल्या माणसांच्याही फिल्ममध्ये फुगलेल्या गाद्या दिसतात, त्यामुळे फिल्म पाहून मी अधिक घाबरेन, एवढेच होईल, असे त्यांचे मत पडले. अंगठ्याची ताकद ते दर आठवड्याला तपासणार होते. ती घसरली किंवा सहा आठवड्यांत कळ हटली नाही, तर मात्र फिल्म आणि पुढचा विचार. नंतर आवाज बदलून त्यांनी सांगितले, की लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, सायकलची सीट जिथे टेकते तिथली जागा बधिर झाली किंवा दोन्ही पाय लटके पडू लागले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच इस्पितळ गाठायचे. बाकी गोळ्या, दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे चालणे, वजन अजिबात न उचलणे, आणि अंथरुणाला खिळून न राहणे. बाहेर आलेला गाभा शरीर बहुतेक वेळा स्वतःच हळूहळू शोषून घेते, हे ऐकून मी पुरणाबद्दल प्रथमच कृतज्ञ झालो. लाथेबद्दल विचारल्यावर त्यांनी केवळ माझ्याकडे पाहिले.

दुखणे कोणत्या दिशेने जाते याकडे लक्ष ठेवा, असे त्यांनी निघताना बजावले होते: पायातून वर कमरेकडे सरकू लागले, तर कंबर दुखली तरी ते चांगले लक्षण आहे. पाचव्या आठवड्यात अंगठ्याच्या मुंग्या गेल्या. सहाव्यात कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात आली, चप्पल पायात राहू लागली, आणि एका रविवारी सकाळी उठलो तर पाय मोकळा होता आणि कंबर ठणकत होती. मी आनंदाने स्वयंपाकघरात जाऊन ओरडलो, “कंबर धरली! कंबर धरली!”

बायकोने कपाळाला हात लावला. आत्या मात्र हातातली कपबशी खाली ठेवून, गुडघ्यावर हात टेकत पाटावरून उठू लागली.