जॉब हिरवा होता, मासळी मात्र पोचली नव्हती: एका प्रतिक्रियेला उत्तर

> ताई, डेटाच्या ताजेपणावरचा लेख वाचला. खरं सांगू? अवडंबर वाटलं. आमचा जॉब दर तासाला चालतो, पडला तर मेल येतो, त्यापुढे आणखी काय मोजायचं? तरी तुमचं सूत्र लावून बघितलं. रविवारी आमच्याकडे ऑर्डरच नसतात, तर रात्रभर अलर्ट वाजत राहिले. दोन आठवड्यांत सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला. आणि ते पंधरा मिनिटांचं उद्दिष्ट, तो आकडा आणला कुठून?
> — डिचोलीहून एक वाचक

रविवारी तुमचे फोन रात्रभर वाजले, त्याला माझं सूत्र जबाबदार आहे. "आत्ताची वेळ वजा शेवटच्या नोंदीची वेळ" म्हणजे डेटाचं वय, आणि ते पंधरा मिनिटांच्या आत हवं, एवढंच मी लेखात दिलं होतं. मूळ ठिकाणी नवीन काही घडलंच नाही की तो आकडाही वाढतो, आणि डेटा वाटेत अडकला तरीही वाढतो. नुसता आकडा बघून दोन्हीतला फरक कळत नाही. हे लेखात यायला हवं होतं. ते राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी ज्यांचं काम बघते त्यांचा मासळी पुरवण्याचा धंदा आहे. मालीम, कुटबण आणि वास्कोचा खारीवाडा, अशा तीन जेटींवर त्यांची माणसं पहाटे टॅबलेटवर वजनाच्या चिठ्ठ्या भरतात. चिठ्ठ्या मुख्य डेटाबेसमध्ये येतात. तिथून दर पाच मिनिटांनी एक जॉब त्या उचलून विक्रीच्या डेटाबेसमध्ये टाकतो, आणि म्हापशाच्या ऑफिसातली विक्री बघणारी बाई त्या स्क्रीनवरून हॉटेलांना फोन लावते.

गोव्यात 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात. तुमचा रविवार एका दिवसाचा, आमचा एकसष्ट दिवसांचा. पहिल्या वर्षी 1 जूनच्या दुपारपर्यंतच अलर्टने सगळ्यांना हैराण केलं आणि आम्हीही तेच केलं जे तुमच्या लोकांनी केलं: बंद करून टाकला. 1 ऑगस्टला पहिले ट्रॉलर परतले तेव्हा तो पुन्हा चालू करायचं कोणालाच आठवलं नाही. "पहाटे चार ते नऊ चिठ्ठी आलीच पाहिजे" असा नियमही लावून बघितला. पण वारा सुटला की होड्या जात नाहीत, आणि हवामान काही आमच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. जॉब पडला तर मेल येतो, हे ठीक. पण जॉब न पडताही डेटा थांबू शकतो, आणि माझ्या मते ताजेपणा मोजायचा तो याचसाठी.

एके दिवशी खारीवाड्याच्या टॅबलेटची तारीख कशी कोण जाणे, एका चिठ्ठीपुरती एक दिवस पुढे गेली होती. पहाटे 4 वाजून 52 मिनिटांनी तिथे बांगड्याची चिठ्ठी भरली गेली आणि तिच्यावर दुसऱ्या दिवशीची वेळ पडली. आमचा जॉब कसा चालायचा ते सांगते. आधीच्या फेरीत नेलेल्या चिठ्ठ्यांमधली सगळ्यात पुढची वेळ तो खूण म्हणून जपून ठेवायचा आणि पुढच्या फेरीत त्या खुणेनंतरच्या चिठ्ठ्या शोधायचा. ती चिठ्ठी नेल्यावर खूण उद्याच्या 4:52 वर जाऊन बसली. पुढच्या प्रत्येक फेरीत त्याला एकही चिठ्ठी सापडेना. शून्य ओळी नेल्या, काम यशस्वी, हिरवा दिवा. फक्त खारीवाड्याचं नव्हे, तिन्ही जेटींचं येणं थांबलं.

माझ्या सूत्रालाही पत्ता लागला नाही. पाच वाजता त्याचं उत्तर आलं उणे 1432 मिनिटं. अट होती "15 पेक्षा जास्त असेल तर कळव". उणे आकडा 15 पेक्षा जास्त कसा होणार? साडेसहाला म्हापशाहून फोन आला, की मालीमला सुरमई उतरल्याचं जेटीवरचा माणूस सांगतोय आणि स्क्रीनवर तर काहीच नाही.

त्या बाईंनी फोन केला नसता तर दुसऱ्या दिवशी 4:52 नंतर सगळं आपोआप सुरळीत दिसू लागलं असतं. नवीन चिठ्ठ्या यायला लागल्या असत्या, आणि मधल्या चोवीस तासांतल्या कधीच आल्या नसत्या. हे मला अजून टोचतं. आम्ही खूण हाताने मागे नेली आणि जॉब पुन्हा चालवला. चिठ्ठी क्रमांकावरून जुनी नोंद बदलायची सोय होती म्हणून दुबार काही झालं नाही.

यावर दोन बदल केले. एक म्हणजे खूण टॅबलेटच्या वेळेवर न ठेवता मुख्य डेटाबेस चिठ्ठी घेताना स्वतः जी वेळ मारतो, तिच्यावर ठेवली. दुसरा बदल म्हणजे ठोका. इंग्रजीत याला हार्टबीट म्हणतात, आम्ही आपसात ठोकाच म्हणतो.

प्रत्येक टॅबलेट दर मिनिटाला एक रिकामी चिठ्ठी पाठवतो. वजन नाही, मासळी नाही, फक्त जेटीचं नाव आणि प्रकार `beat`. ती खऱ्या चिठ्ठ्यांच्याच रांगेत मागे उभी राहते, त्याच टेबलात उतरते, तोच जॉब तिला उचलतो. हा "त्याच"वरचा जोर महत्त्वाचा. ठोक्यासाठी वेगळं टेबल आणि वेगळा जॉब केला असता, तर खारीवाड्याच्या त्या सकाळी ठोके मजेत पोचत राहिले असते आणि चिठ्ठ्या मागे पडून राहिल्या असत्या. ठोका चिठ्ठीच्याच वाटेने गेला, तरच तो वाटेची खबर देतो. आणखी एक काळजी: नेटवर्क गेलं की टॅबलेटवर ठोक्यांचा ढीग साचू द्यायचा नाही. पहिला पोचल्याची पावती आल्याशिवाय दुसरा रांगेत लावायचा नाही.

मग शेवटच्या ठिकाणी, म्हणजे विक्रीच्या डेटाबेसमध्येच, दर मिनिटाला हे विचारायचं:

```sql
SELECT j.code,
       extract(epoch FROM now() - max(l.server_ts)) / 60 AS age_min
FROM jetty j
LEFT JOIN landing l
  ON l.jetty = j.code AND l.kind = 'beat'
GROUP BY j.code;
```

तिन्ही जेटींची वयं वेगळी येतात आणि त्यातलं सगळ्यात मोठं धरायचं. सगळ्यांचं मिळून एकच `max` घेतलं तर मालीमचा ताजा ठोका कुटबणचं गप्प होणं झाकून टाकतो. `LEFT JOIN` अशासाठी, की ज्या जेटीचा एकही ठोका नाही तिचीही ओळ यावी; तिथे `age_min` रिकामं येतं आणि रिकामं म्हणजे अलर्टच. उणे आकडाही अलर्टच. आकडा 330 च्या किंवा उणे 330 च्या आसपास घोटाळत असेल तर डेटा शोधत बसू नका, साडेपाच तासांचा फरक आहे तो: वेळेचा रकाना `timestamptz` नाही आणि कुठेतरी भारतीय वेळ आणि यूटीसी यांची गल्लत झालीय.

आता जून-जुलैत जेटीवर शुकशुकाट असला तरी टॅबलेट चार्जिंगला लावून ठेवतात. ठोके येत राहतात, वय दोन-पाच-सात मिनिटांत फिरत राहतं आणि कोणाचा फोन वाजत नाही. तुमच्या रविवारचंही असंच होईल.

ठोका वाट मोकळी असल्याचं सांगतो. प्रत्येक चिठ्ठी पोचली, हे तो सांगत नाही. एखाद्या चिठ्ठीत वजनाच्या जागी अक्षरं आली आणि जॉबने तेवढीच ओळ टाकून दिली, तर ठोक्याला त्याचं काही नाही. त्यासाठी रात्री दहाला प्रत्येक जेटीच्या त्या दिवसाच्या चिठ्ठ्या दोन्हीकडे मोजून ताडतो. आणि हे मोजणारं यंत्रच बंद पडलं तर शांतता पसरते, म्हणून दुसऱ्या एका मशीनवर एवढाच नियम आहे, की पाच मिनिटांत नवीन मोजमाप आलं नाही तर ओरड.

पंधरा मिनिटांचा हिशेब असा. ठोका मिनिटाला एक, जॉब दर पाच मिनिटांनी, त्याची एक फेरी लांबली तर दोन मिनिटांची. म्हणजे सगळं ठीक असतानाही वय आठ मिनिटांपर्यंत जाऊ शकतं. एक फेरी हुकली तर तेरा, दोन हुकल्या तर अठरा. एक फेरी अधूनमधून हुकतेच, त्यासाठी पहाटे कोणाला उठवायचं नाही; दोन हुकल्या तर उठवायचं. म्हणून रेघ तेरा आणि अठराच्या मधे मारली. वय दहाच्या वर गेलं की ग्रुपवर मुकाट्याने एक मेसेज पडतो. पंधराच्या वर गेलं तरच फोन वाजतो.

पण हा झाला माझ्या बाजूचा हिशेब. उद्दिष्ट दोघांनी मिळून ठरवायचं असतं. म्हापशाच्या बाईंना विचारलं, किती जुना आकडा चालेल? त्या म्हणाल्या, पहिला फोन साडेसहाला लावते, तेव्हा पाव तासापूर्वीचं चालेल, अर्ध्या तासापूर्वीचं नाही, कारण तेवढ्यात माल दुसऱ्याला गेलेला असतो. नऊनंतर दोन तास जुनं असलं तरी त्यांचं काही अडत नव्हतं. मग कागदावर लिहिलं: पहाटे 4 ते सकाळी 9, महिन्यातल्या 98 टक्के मिनिटांना वय 15 च्या आत. मी आधी 99 टक्के म्हणणार होते. पण रोजची 300 मिनिटं, तीस दिवसांची 9000, त्याचा एक टक्का म्हणजे फक्त 90 मिनिटं. खारीवाड्यासारखी एक सकाळ आली की महिन्याची सगळी सूट तिथेच संपली. 98 टक्क्यांत 180 मिनिटं मिळतात. एक वाईट सकाळ पचते, दुसरी आली तर नवीन कामं थांबवून आधी जॉब नीट करायचा, हे मालकांनीही मान्य केलं.

तुमचा जॉब तासाला एकदा चालतो, म्हणजे तुमचा आकडा माझा असूच शकत नाही. फेरी दहा मिनिटांची धरली तर नेहमीचं वय सत्तरपर्यंत जाईल आणि एक फेरी हुकली की एकशे तीस. तुमच्या हिशेबनीसांनी "दोन तास चालतील" असं सांगितलं, तर प्रत्येक हुकलेल्या फेरीला अलर्ट वाजेल आणि ग्रुप पुन्हा म्यूट होईल. तेव्हा एकतर त्यांच्याकडून अडीच तास मागून घ्या, नाहीतर जॉब अर्ध्या तासावर आणा. पण त्याआधी एक बघा: तुमचा जॉब "इथपर्यंत नेलं" ही खूण कोणाच्या घड्याळावरून ठेवतो? ऑर्डर घेणाऱ्याच्या मोबाईलवरून ठेवत असेल, तर ठोका नंतर लावा, आधी ती खूण बदला.