लाइक भरपूर, खुर्च्या रिकाम्या: मिरजेच्या मैफलीच्या जाहिरातीबद्दल

«फेसबुक जाहिरातींवरचा तुमचा लेख वाचून मिरजेतल्या आमच्या गायनाच्या मैफलीसाठी दोन हजार रुपये घालून पोस्ट बूस्ट केली. लाइक भरपूर पडले, सभागृहात मात्र नेहमीचीच मंडळी. १०० रुपयांचं तिकीट काढून नवा माणूस येत नाही. छोट्या संस्थांना असले सल्ले देऊ नका.»

पोस्टची जाहिरात जोडलीत ती पाहिली. लाइक मिळाले, कारण बूस्ट करताना उद्दिष्ट लाइक-कॉमेंटचंच निवडलं गेलं होतं. तुम्ही जे मागता ते करण्याची सवय असलेले लोक ही यंत्रणा शोधते. लाइक मागितले की ती जाता-येता अंगठा देणारे लोक शोधते, आणि त्यांना तिकीट काढायचं असेलच असं नाही. म्हणून Boost ऐवजी Ads Manager मध्ये जा, Engagement निवडा आणि त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे संदेश हे उद्दिष्ट ठेवा. बटण दाबलं की «शनिवारच्या मैफलीच्या जागा हव्या आहेत» हे वाक्य आधीच लिहिलेलं दिसेल असं करा. इतके कष्ट घेणारा माणूस येण्याची शक्यता लाइक करणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

नेहमीचीच मंडळी आली याचं कारण प्रेक्षकांच्या निवडीत आहे. तुमच्या पेजशी आधीपासून जोडलेल्यांना जाहिरात दाखवण्यात पैसे गेले. त्यांना तुमच्या ग्रुपवर फुकट कळतंच. पेजवर वर्षभरात काही ना काही केलेल्या लोकांचा Custom audience बनवा आणि तो वगळा. ठिकाणासाठी शहराचं नाव टाकू नका. त्याने वर्तुळ आपोआप मोठं होतं आणि पार इचलकरंजीपर्यंत जातं. तिथून संध्याकाळच्या मैफलीला कोण येणार? नकाशावर सभागृहाजवळ पिन टाका आणि त्रिज्या १२ किलोमीटर ठेवा, म्हणजे सांगली आणि कुपवाडही त्यात येतं. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या सुमारे ५ लाख होती. त्यातून वयाची तिशी ओलांडलेले घ्या आणि तिथेच थांबा. «शास्त्रीय संगीताची आवड» वगैरे चाळण्या लावू नका. एवढ्या लहान भागात त्यांनी प्रेक्षक फार आकसतात आणि जाहिरात महाग पडते.

पैशांचा हिशोब १८ टक्के जीएसटी धरून करा: जाहिरातीला १,७०० आणि करापोटी ३०६, एकूण २,००६ रुपये. तिकीट १०० रुपयांचं असेल तर २१ नवे श्रोते आले की खर्च निघाला. तुमच्या मैफलीपुरतं यशाचं माप मी हेच मानतो. रक्कम रोजची न ठेवता संपूर्ण कालावधीची ठेवा आणि शेवटची वेळ शनिवारी दुपारी तीन वाजताची टाका. मंजुरीला साधारण एक दिवस लागतो, म्हणून रविवारी दाखल करा आणि मंगळवारपासून सुरू करा. तुम्ही केलं तसं तीन आठवडे ताणू नका. एवढ्याशा रकमेत रोज काही रुपयेच खर्च होतात, आणि इतक्या आधी वाचलेली तारीख लोक विसरतात. मध्येच चित्र किंवा रक्कमही बदलू नका. मोठा बदल केला की यंत्रणा पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागते.

चित्राबद्दल मला जरा तळमळीने सांगायचंय. तुम्ही छापील निमंत्रणपत्रिकाच टाकलीत: दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, सगळे देणगीदार. मोबाइलवर त्यातलं एक अक्षर लागत नाही. शिवाय कोपऱ्यात इंटरनेटवरून घेतलेली सतार आहे, आणि मैफल तर गायनाची! ज्या गावात सतारमेकर गल्ली आहे तिथल्या माणसाला हे लगेच खटकतं. गायिका गात असतानाचा, मागे तानपुरा दिसेल असा खरा फोटो घ्या. आकार उभा, १०८० बाय १३५० पिक्सेल. वर अक्षरं लिहायचीच तर वार आणि वेळ, बस.

मजकुराच्या फक्त पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात, बाकीचं दडतं. म्हणून «रसिकहो, सस्नेह निमंत्रण» यात त्या घालवू नका. असं लिहा: «येत्या शनिवारी संध्या. ६.३० ला मिरजेत ख्यालगायन. दोन तास, बसायला खुर्च्या, तिकीट १००. जागा राखायला व्हॉट्सअ‍ॅप करा.» पहिल्यांदा येणाऱ्याला किती वेळ बसावं लागेल आणि खाली बसायचं की खुर्ची मिळेल, हे प्रश्न खरोखर पडतात. कलाकाराची गुरुपरंपरा त्यानंतर लिहा.

दारात तिकीट फाडताना प्रत्येकाला «कुठून कळलं?» एवढं विचारा आणि वहीत खूण करा. संदेशच कमी आले असतील तर पुढच्या मैफलीच्या वेळी आधी चित्र बदलून पाहा. संदेश भरपूर पण माणसं कमी, असं झालं तर व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर किती वेळाने गेलं ते तपासा. रात्री दहाला विचारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर मिळालं, तर तोवर त्याचा शनिवार दुसरीकडे ठरलेला असतो.