एका ट्रेडिंग कार्डासाठी एवढे आवरण का? ग्राहकाच्या अभिप्रायास उत्तर

अभिप्राय : "एका कार्डासाठी एवढा पुठ्ठा आणि एवढी टेप! टॉपलोडर साध्या पाकिटात टाकला असता तरी चाललं असतं, टपालखर्चही वाचला असता. उघडायला कात्री घ्यावी लागली. शिवाय कार्ड टॉपलोडरमध्ये घट्ट बसलेलं नाही, हलवलं की जरा सरकतं. दोन तारे."

नमस्कार,

आपण वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहोत. प्रथम कार्ड सरकण्याविषयी सांगतो, कारण काळजी वाटावी अशी ती एकच गोष्ट आहे.

नेहमीच्या मापाचे कार्ड 63 बाय 88 मिलिमीटरचे आणि साधारण 0.3 मिलिमीटर जाडीचे असते. त्यासाठी आम्ही 35 पॉइंटचा टॉपलोडर, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकचे कव्हर, वापरतो. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे त्याच्या आतली फट साधारण 0.9 मिलिमीटरची होते आणि स्लीव्हसह, म्हणजे मऊ, पातळ प्लास्टिकच्या पिशवीसह, कार्ड तीत आरामात मावते. रुंदीतही थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते, कारण प्लास्टिकने कडा घट्ट धरल्या तर कार्ड आत घालताना किंवा बाहेर काढताना त्याच कडांवर घासा बसतो. कार्ड आडवे थोडे सरकले तर स्लीव्हमुळे ते टॉपलोडरच्या भिंतीला थेट घासत नाही. स्लीव्ह नसती तर चकचकीत पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठले असते. जाड कार्डांसाठीचा टॉपलोडर पातळ कार्डाला वापरला, तर मात्र हे सरकणे खरोखर हानिकारक ठरते.

जे रोखायलाच हवे ते म्हणजे कार्डाचे तोंडाकडून बाहेर सरकणे. टॉपलोडर एका बाजूने उघडा असतो. पाकीट टपालात उलटसुलट होते, कार्ड हळूहळू वर येते, त्याचा कोपरा पाकिटाच्या कडेवर आपटतो आणि तेथे पांढरा ठिपका उमटतो. म्हणूनच तोंडावर कागदी टेपची एक पट्टी आहे आणि तिचे एक टोक दुमडलेले आहे, ते धरून ओढले की ती सहज निघते. पारदर्शक चिकटपट्टी आम्ही तेथे लावत नाही, कारण तिचा गोंद टॉपलोडरवर राहतो आणि कार्ड काढताना त्यालाही लागू शकतो.

आता साध्या पाकिटाविषयी. पत्रे छाननी यंत्रात पट्ट्यांमध्ये दाबली जाऊन रोलरभोवती वळतात. कागद वळतो, टॉपलोडर वळत नाही, त्यामुळे तो अडकतो किंवा त्याचा टोकदार कोपरा पाकीट फाडून बाहेर येतो. म्हणून टॉपलोडर आधी चिकटबंद पिशवीत घालतो, म्हणजे ओल लागत नाही, आणि मग तो सर्व बाजूंनी बोटभर मोठ्या अशा दोन पन्हळी पुठ्ठ्यांमध्ये ठेवतो. एका पुठ्ठ्याच्या पन्हळी उभ्या व दुसऱ्याच्या आडव्या असतात, कारण असा पुठ्ठा पन्हळींच्या दिशेने सहज दुमडतो आणि आडव्या दिशेने विरोध करतो. दोन्ही एकाच दिशेने ठेवले तर त्यांचा निम्मा उपयोग वाया जातो. पुठ्ठे टेपने बांधून रिजिड मेलरमध्ये, म्हणजे न वाकणाऱ्या कडक पाकिटात, घातले की टॉपलोडर एका कोपऱ्यात घसरत नाही. बंद केल्यावर पाकीट कानाशी हलवून पाहतो. खडखड ऐकू आली तर ते पुन्हा उघडतो. जड खोक्याखाली चिरडले जाण्यापासून मात्र हे आवरण पूर्ण संरक्षण देत नाही.

कात्री लागणे स्वाभाविक आहे, पण ती पाकिटाच्या अरुंद कडेलाच चालवावी, कारण त्या कडेजवळ कार्ड नसते. टेप काढल्यावर टॉपलोडर तोंड खाली करून तळहातावर हलकेच ठोकावा, म्हणजे स्लीव्हसह कार्ड आपोआप घसरते. नखाने ओढू नये.

कृपया कार्ड दिव्याखाली तिरपे धरून पाहावे. तोंडाकडच्या कोपऱ्यांवर पांढरेपणा असेल तर ते सरकून आपटले आहे, मधोमध आडवी रेघ चमकली तर पाकीट वाकले आहे, आणि केवळ स्लीव्हच्या तळाशी कोपरा दबला असेल तर कार्ड आत घालतानाच इजा झाली आहे. यांपैकी काहीही दिसल्यास त्याच तिरप्या प्रकाशातील छायाचित्र, पाकीट व पुठ्ठ्यांसह, पाठवावे. कोणत्या टप्प्यावर काय झाले हे त्यावरून कळते आणि आम्ही भरपाई देतो.

कमी किमतीच्या कार्डासाठी टपालखर्च वाचवायचा असेल, तर मागणी करतानाच तसे कळवावे. अशा वेळी आम्ही टॉपलोडर न वापरता कार्ड स्लीव्हसह दोन लवचीक जाड कागदांमध्ये घालून साध्या पाकिटाने पाठवतो. ते रोलरभोवती वळू शकते, पण त्यात थोडी वाकण्याची जोखीम असतेच, म्हणून दुर्मीळ कार्डासाठी ही पद्धत आम्ही ग्राहकाने मागितली तरी नाकारतो.