समस्त ग्राहकवर्गास शुभेच्छा!

इंदूरच्या रामबागेत तुमचं किराण्याचं दुकान आहे आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना दिवाळीचा मेसेज पाठवायचाय? मग डोकं अजिबात चालवू नका. होलसेलवाल्याने पाठवलेलं लक्ष्मीचं चित्र तसंच पुढे ढकला. वरचे दोन बाण आणि 'Forwarded many times' ही पाटी राहू द्या. लक्ष्मी किती घरं फिरून आपल्याकडे आली, हे गिऱ्हाइकाला कळायला नको? असं चित्र व्हॉट्सॲप एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं, त्यामुळे बोटं दुखतील. तेवढ्यात प्रत्येकाला दोन ओळी लिहून झाल्या असत्या, हा विचार मनात आणू नका.

त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका यादीत 256 नंबर बसतात. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना तो मेसेज पोचतच नाही. पण आपण पाठवल्याचं पुण्य कुठे जातं?

मायना 'आदरणीय ग्राहक' हाच. त्याखाली आनंदाची उधळण आणि सुखसमृद्धीची बरसात. ज्या घरातले आजोबा श्रावणात गेले, ज्यांच्या दारात यंदा आकाशकंदीलही नाही, त्यांच्यावरही उधळण सारखीच झाली पाहिजे. वही उघडून असे दोन-तीन नंबर बाजूला काढणं, त्यांना फक्त 'काही लागलं तर कळवा, घरी पोचवतो' एवढंच लिहिणं, ही रिकामटेकड्यांची कामं. शेवटी 'मागील बाकी रु. 640' जोडायला विसरू नका. शुभेच्छा कशासाठी होत्या, ते स्पष्ट झालेलं बरं.

वेळ लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळची. तोवर सगळ्यांचा फराळ डब्यात गेलेला असतो आणि कोणी सामान मागण्याची भीती उरत नाही.

एका दुकानदाराने मात्र घोळ घातला. वसुबारसेच्या आठवडाभर आधी त्याने एका काकूंना स्वतः टाइप करून लिहिलं:

'काकू, नमस्कार. गेल्या दिवाळीत चिवड्यासाठी आमच्या मुलाने तुम्हाला नाश्त्याचे जाड पोहे दिले होते. यंदा पातळ पोहे दोन किलो तुमच्या नावाने बाजूला ठेवलेत. भाजणीची चणाडाळही आलीय. पुण्याहून ताई येणार असतील तर सांगा, डाळं जास्त ठेवतो. दिवाळीच्या शुभेच्छा.'

ना चित्र, ना दिवा, ना एक फूल. आपल्या इंदुरात पोहे म्हटलं की जाडच हातात पडतात, हे काकूंनी वर्षभर मनात ठेवलं होतं. याने ते आपणहून उकरून काढलं! शिवाय पुढच्या घरासाठी हाच मजकूर चालेना, कारण तिथले काका शुगरवाले, त्यांची चौकशी वेगळी. साठ घरांना लिहिता लिहिता चार दुपारी गेल्या.

आणि परिणाम काय? काकूंचा पाच मिनिटांत उलट मेसेज: 'ताई येतेय, जावईही. पोहे तीन किलो करा, रवा बारीकच द्या, आणि शेजारच्या वहिनींनाही पातळ हवेत, त्यांचा नंबर देते.'

घ्या, वाढलं काम.