कोरफडीच्या रसाबद्दल खुलासा

"कोरफडीचा रस रोज उपाशीपोटी घ्या, पोट साफ राहतं. घरचंच आहे, अपाय नाही."

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत हा निरोप फिरतोय. तो चुकीचा आहे. पोट साफ करतो तो पांढरा गर नव्हे, सालीखालचा पिवळा कडू चीक. त्यातलं अ‍ॅलोइन हे द्रव्य मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात, मग आतडं जोरात आवळतं आणि पाणी कमी शोषतं. जुलाबासोबत पोटॅशियमही जातं. घरातले आजोबा लघवी वाढवणारी गोळी घेत असतील, तर ते दोन्हीकडून घटतं. सोबत डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध असेल तर हृदयाची लय बिघडू शकते. पायात गोळे, थकवा, धडधड जाणवली, तर रस थांबवून डॉक्टरांना दाखवा, रक्तातलं पोटॅशियम तपासा. पान उभं ठेवून चीक निथळला, तरी थोडा उरतोच. अमेरिकेने २००२ मध्ये विनाचिठ्ठी रेचकांतून कोरफड काढायला लावली, कारण कंपन्यांनी सुरक्षिततेची माहितीच दिली नाही.